पडताळणीची तारीख आणि आजारपणाचा अर्ज

आपल्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांपैकी बरेचजण कधी ना कधी सरकारी भरतीच्या रांगेत उभे राहतात. या रांगेचे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत: जाहिरात, अर्ज, लेखी परीक्षा, गुणवत्ता यादी आणि मग कागदपत्र पडताळणी. त्यांपैकी लेखी परीक्षेवर पुस्तके निघतात, वर्ग चालतात. पडताळणीवर मात्र कोणी काही सांगत नाही, कारण तिथे अभ्यास करण्यासारखे काही नसते असा समज आहे. मूळ दाखले घेऊन ठरलेल्या दिवशी हजर राहायचे, एवढेच. पण नेमक्या त्याच दिवशी उमेदवार रुग्णालयात असेल तर? पडताळणीला गैरहजर राहिलेल्याचे नाव यादीतून वगळून पुढच्याला बोलावतात. अशा वेळी भरती कार्यालयाकडे नवीन तारीख मागण्याचा अर्ज कसा करावा, त्यात काय असावे, काय नसावे आणि त्या अर्जाची ताकद कोठे संपते, हा या लेखाचा विषय आहे. विषय तसा रूक्ष आहे. परंतु एका घरात तो दोन दिवसांत तातडीचा होऊन बसलेला मी पाहिला आहे, म्हणून त्या उदाहरणाच्याच आधाराने लिहितो.

उदाहरण जूचंद्रचे आहे. माझी मावसबहीण तिथे राहते. एका सरकारी खात्याच्या लिपिकपदासाठी तिची निवड यादीत वर्णी लागली होती. पडताळणी नवी मुंबईतील कार्यालयात 5 ऑगस्ट 2024 पासून 14 ऑगस्टपर्यंत चालणार होती आणि गुणानुक्रमाने तिला गुरुवार, 8 ऑगस्ट ही तारीख आली होती. मंगळवारी, 6 तारखेला संध्याकाळी तिच्या पोटात दुखू लागले. रात्री साडेअकराला तिला रुग्णालयात दाखल केले आणि बुधवारी पहाटे अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. अपेंडिक्स फुटलेले असल्याने जखम मोठी होती आणि चार-पाच दिवस रुग्णालयात राहावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणजे सकाळी ती शुद्धीवर आली तेव्हा पडताळणीला एक दिवस उरला होता आणि तिला तर कूसही बदलता येत नव्हती.

मावसभावाने प्रथम दूरध्वनी केला. पलीकडून उत्तर आले, "तारीख बदलून मिळत नाही, पत्रातच लिहिले आहे." ते खरेच होते. बोलावणे पत्राच्या तळाशी तसे वाक्य होते. बहुतेक भरत्यांच्या पत्रांत ते असते. येथे पुष्कळ जण थांबतात. परंतु दूरध्वनीवरच्या लिपिकाला तारीख देण्याचा अधिकार नसतो, तसाच ती नाकारण्याचाही नसतो. तो पत्रातले वाक्य वाचून दाखवतो. निर्णय घेणारा अधिकारी वेगळा असतो आणि त्याच्यासमोर कागद गेल्याशिवाय त्याला निर्णय घेता येत नाही. म्हणून लेखी अर्ज करायचे ठरले.

भावाने लिहिलेला पहिला मसुदा मी पाहिला. त्यात वडिलांची तुटपुंजी मिळकत होती, बहिणीने दिवसरात्र केलेला अभ्यास होता, 'आमच्या गरीब कुटुंबावर उपकार करावेत' अशी विनंती होती आणि शेवटी 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' हे आपल्या सर्वांच्या हातात बसलेले वाक्य होते. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पण अधिकाऱ्याला त्यातल्या एकाही वाक्याचा उपयोग नव्हता. त्याला ज्या प्रश्नांची उत्तरे हवी असतात ती निराळी असतात. ती कोणती, हे समजण्यासाठी थोडे कायद्याकडे वळावे लागेल.

भरतीत तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या दिसतात, पण त्या वेगळ्या आहेत. पहिली पात्रता: पदवी, वय, जात, अधिवास. ही जाहिरातीतल्या ठराविक तारखेला उमेदवाराजवळ असलीच पाहिजे. दुसरी त्या पात्रतेचा पुरावा, म्हणजे दाखले. आणि तिसरी, तो पुरावा दाखवण्यासाठी उमेदवाराची उपस्थिती. पहिल्या गोष्टीत सवलत दिली तर इतरांवर अन्याय होतो. ज्यांची पदवी मुदतीनंतर आली म्हणून ज्यांनी अर्जच केला नाही, ते विचारतील की आम्ही काय गुन्हा केला? दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीत सवलत दिली तर कोणाचेही नुकसान होत नाही, निदान निवड अंतिम होईपर्यंत तरी होत नाही.

हा भेद सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी केला आहे. केरळमधील वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशासंबंधीच्या चार्ल्स स्कारिया खटल्यात, 1980 साली, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी असा निवाडा दिला की पदविका वेळेत मिळालेली असणे हे महत्त्वाचे. तिचा दाखला कोणत्या दिवशी सादर झाला ही त्यामानाने दुय्यम बाब आहे. पुढे 2004 साली ओरिसातील डॉली छंदा या विद्यार्थिनीचा खटला आला. तिचे वडील सैन्यातून अपंगत्वामुळे निवृत्त झालेले, आणि सैनिकांच्या मुलांसाठी राखीव असलेली जागा तिने मागितली होती. सैनिक मंडळाने दिलेल्या दाखल्यात मंडळाचीच चूक होती, म्हणून प्रवेशाच्या पहिल्या फेरीत तिला नाकारले गेले. दुरुस्त दाखला आणल्यावरही तिचा विचार झाला नाही. न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. पात्रतेच्या तारखेबाबत नियम कडकच राहील, पण पुरावा सादर करण्याच्या नियमातील प्रत्येक चुकीमुळे उमेदवारी रद्द होऊ नये, असा त्या निकालाचा आशय आहे. 2016 साली दिल्लीतील नोकरभरतीच्या रामकुमार गिजरोया खटल्यातही, इतर मागासवर्गाचा दाखला मुदतीनंतर दिलेल्या उमेदवाराला याच विचाराने न्याय मिळाला.

हे निकाल वाचून कोणी असा अर्थ काढू नये की आजारी पडल्यास नवीन तारीख मिळणे हा हक्क आहे. तसे या निकालांत म्हटलेले नाही. तिन्ही ठिकाणी उशीर झाला तो कागदाला. माणूस रुग्णालयात असल्याचा प्रश्न तिथे नव्हता. परंतु त्यांतून अर्जाची दिशा मिळते. आपला अर्ज वाचून अधिकाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे की येथे पात्रता उशिरा आलेली नाही, पुरावाही तयार आहे, अडले आहे ते फक्त उमेदवाराच्या येण्याचे. आणि ते किती दिवस अडणार आहे, हेही ठरलेले आहे. उद्या दुसऱ्या उमेदवाराने तक्रार केली तर अधिकाऱ्याला हेच फाईलवर दाखवता येते. आपली गरिबी त्याला दाखवता येत नाही.

या विचाराने दुसरा अर्ज लिहिला. तो असा होता:

"विषय: दि. 8 ऑगस्ट 2024 रोजीच्या कागदपत्र पडताळणीसाठी वैद्यकीय कारणास्तव अन्य तारीख मिळणेबाबत.

महोदय, मी उपरोक्त पदासाठी निवड यादीतील उमेदवार असून माझा अर्ज क्रमांक व बैठक क्रमांक वर नमूद केला आहे. दि. 6 ऑगस्ट रोजी रात्री मला रुग्णालयात दाखल करण्यात आले व दि. 7 ऑगस्ट रोजी पहाटे माझ्यावर अपेंडिक्सची तातडीची शस्त्रक्रिया झाली आहे. त्यामुळे दि. 8 रोजी मला उपस्थित राहता येणार नाही. दि. 13 ऑगस्टपासून मी बसून प्रवास करू शकेन, असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लेखी दिले आहे.

आपली पडताळणी दि. 14 ऑगस्टपर्यंत चालू आहे. तरी दि. 13 किंवा 14 रोजी, अथवा गैरहजर उमेदवारांसाठी वेगळा दिवस ठेवला असल्यास त्या दिवशी, मला उपस्थित राहण्याची परवानगी मिळावी.

माझी सर्व मूळ कागदपत्रे तयार असून ती जाहिरातीतील अंतिम दिनांकापूर्वीची आहेत. त्यांची क्रमांक व दिनांकासह यादी आणि स्वसाक्षांकित प्रती सोबत जोडल्या आहेत."

खाली सही. शस्त्रक्रियेनंतर काही तासांनी, पडल्यापडल्या केलेली ती सही वेडीवाकडी आली होती. तरीही ती तिचीच असणे आवश्यक होते. भावाने सही करून चालले नसते, कारण पडताळणीत अर्जावरील सही, छायाचित्र आणि चेहरा यांचाच मेळ घालतात. याच कारणाने उमेदवाराऐवजी नातेवाइकाला पडताळणीस पाठवता येत नाही. नातेवाईक अर्ज नेऊन देऊ शकतो. उमेदवाराच्या जागी उभा राहू शकत नाही.

या अर्जातील तीन ठिकाणी थोडे थांबू.

पहिले, वैद्यकीय कागद. अशा वेळी लोक डिस्चार्ज कार्डाची वाट पाहतात. पण ते रुग्ण घरी जातानाच मिळते, आणि तोपर्यंत तारीख उलटून जाते. म्हणून दाखल असतानाच रुग्णालयाच्या शीर्षपत्रावर दाखला मागावा. त्यात दाखल झाल्याची तारीख व वेळ, आंतररुग्ण क्रमांक, आजाराचे नाव, केलेली शस्त्रक्रिया, आणि डॉक्टरांची सही, शिक्का व वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असावा. सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटचे: रुग्ण अंदाजे कोणत्या तारखेपासून प्रवास करू शकेल. नुसते 'विश्रांतीची गरज आहे' असे लिहिलेला दाखला अधिकाऱ्याच्या कामाचा नाही. त्यावरून त्याला तारीख ठरवता येत नाही. मावसबहिणीच्या डॉक्टरांनीही आधी तसेच लिहिले होते. कारण सांगितल्यावर त्यांनी 'गुंतागुंत न झाल्यास 13 ऑगस्टपासून' असे शब्द वाढवून दिले. पुढे डिस्चार्ज कार्ड मिळाले की तेही जोडावे. दोन्हींवरील तारखा जुळल्या म्हणजे शंकेला जागा राहत नाही. आठवड्यानंतर मागील तारखा घालून आणलेला दाखला आणि त्या रात्रीच निघालेला केसपेपर यांतला फरक कार्यालयातील जुन्या लिपिकाला लगेच ओळखू येतो.

दुसरे, मागितलेली तारीख. 'पुढील तारीख मिळावी' असे मोघम लिहिले तर अधिकाऱ्यापुढे न संपणारी मुदत उभी राहते. चालू वेळापत्रकातलीच तारीख मागितली तर त्याला नवीन काही करावे लागत नाही; ज्या टेबलावर त्या दिवशी साठ उमेदवार येणार, तिथे एकसष्टावा येतो. म्हणून वेळापत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचावे. काही कार्यालये गैरहजरांसाठी अखेरीस एक दिवस ठेवतात, तोही त्यातच सापडतो. वेळापत्रक संपून अंतिम निवड यादी लागली की मात्र परिस्थिती बदलते. मग आपल्या जागी दुसऱ्या कोणाचे तरी नाव आलेले असते आणि आपल्याला वेळ देणे म्हणजे त्याच्या हातातले काढून घेणे ठरते. म्हणून उशिरा आलेल्या उत्तम अर्जापेक्षा वेळेत पोहोचलेला साधा अर्ज बरा.

तिसरे, कागदपत्रांची यादी. ही जोडण्यामागे हेतू एवढाच, की उमेदवार आजाराच्या आडोशाने राहिलेला एखादा दाखला काढण्यासाठी वेळ मागत नाही, हे दिसावे. अशी शंका अधिकाऱ्याला येते आणि ती येणे रास्त आहे. यादी करताना जूचंद्रच्या माणसांना येणारी एक खास अडचण पुढे आली. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. त्यापूर्वी वसई तालुका ठाणे जिल्ह्यात होता. मावसबहिणीचा जातीचा दाखला 2013 सालचा, शाळेत असताना काढलेला, त्यावर 'मु. जूचंद्र, ता. वसई, जि. ठाणे' असे आहे. अधिवासाचा दाखला नंतरचा, त्यावर 'जि. पालघर'. शिवाय एका कागदावर गावाचे नाव जूचंद्र, तर दुसऱ्यावर जुचंद्र. गाव एकच, पण परजिल्ह्यातील लिपिकाला ती दोन गावे वाटू शकतात. म्हणून यादीखाली एक ओळ लिहिली की जिल्हा विभाजनामुळे नावात फरक असून गाव व तालुका तेच आहेत. एरवी ही ओळ तोंडी सांगता आली असती. परंतु ज्याचे प्रकरण अपवाद म्हणून हाताळले जाणार आहे, त्याच्या कागदांत दुसरी शंका शिल्लक असू नये.

आता अर्ज पोहोचवण्याविषयी. बुधवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी बोलावणे पत्रात दिलेल्या ई-मेलवर अर्ज गेला आणि त्याच दुपारी भावाने छापील प्रत कार्यालयात नेऊन दिली. ई-मेलवर वेळ आपोआप उमटते, म्हणून तो ठरलेल्या तारखेपूर्वी गेला हे सिद्ध होते. पण तो कोणी वाचला की नाही, हे कळत नाही. हाती दिलेल्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मिळतो. अंतर फार असेल तर स्पीड पोस्टाची पावती जपून ठेवावी. अर्ज नियुक्ती करणाऱ्या कार्यालयाच्या नावे असावा. लेखी परीक्षा घेणारी संस्था पुष्कळदा वेगळी असते आणि तिथे गेलेला अर्ज तिथेच राहतो. टेबलावरील माणसाने "मूळ कागद इथे ठेवून जा" असे भावाला सुचवले होते. त्याने ते मानले नाही, हे योग्यच झाले. पडताळणीत मूळ कागद पाहून परत करायचे असतात. उमेदवाराच्या गैरहजेरीत ठेवलेल्या कागदाची पावती कोण देणार?

गुरुवार उलटला. हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'गैरहजर' असे लागले. शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर नव्हते, तेव्हा भावाने आवक क्रमांक लिहून दोन ओळींचे स्मरणपत्र पाठवले. संध्याकाळी उत्तर आले: 14 ऑगस्ट रोजी सकाळी मूळ कागदपत्रे व वैद्यकीय कागदांसह उपस्थित राहावे, ही अंतिम संधी समजावी. रविवारी तिला घरी सोडले. बुधवारी, पोटाला पट्टा बांधून, भाड्याच्या गाडीतून ती गेली. तिथे गेल्यावर टेबलावरील छापील यादीत तिचे नाव नव्हते. त्या दिवशीचे उमेदवार वेगळे होते आणि तिच्या नावापुढे तर गैरहजेरी लागलेली. परवानगीच्या ई-मेलची छापील प्रत आणि शिक्क्याची प्रत दाखवल्यावर लिपिकाने आत जाऊन विचारले आणि पेनाने यादीच्या खाली तिचे नाव वाढवले. ते दोन कागद जवळ नसते तर वरिष्ठांनी दिलेली परवानगी खालच्या टेबलापर्यंत पोहोचली असती की नाही, हे सांगता येत नाही.

सर्वांनाच असे उत्तर येईल असे नाही. नकार आला तर तो लेखी मागावा आणि त्यात कारण असावे असा आग्रह धरावा. राज्य सरकारच्या सेवांतील भरतीचे वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे नेता येतात. हे न्यायाधिकरण 1991 पासून काम करीत आहे. तिथेही पहिला प्रश्न हाच असेल की अर्ज केव्हा केला आणि त्यासोबत काय जोडले. शिवाय आजार कोणाचा, यानेही फरक पडतो. आई किंवा वडील अत्यवस्थ असतील तर मनाने आपण कोठेही जाण्याच्या स्थितीत नसतो; पण कार्यालयाच्या दृष्टीने उमेदवार स्वतः चालता-फिरता असतो, त्यामुळे असा अर्ज कमकुवत पडतो. अशा वेळी शक्य असल्यास त्याच दिवशी जाऊन, कारण सांगून, रांगेत आधी क्रमांक मागणे अधिक उपयोगी. कार्यालयाला वेळ बदलण्यापेक्षा क्रम बदलणे सोपे असते.

मराठीच्या तासाला आपण अर्जलेखन शिकतो ते मायना, विषय आणि 'आपला विश्वासू' यांच्या चौकटीत. ती चौकट हवीच. पण आत काय भरायचे, हे वाचणाऱ्याच्या गरजेवरून ठरते. मावसभावाचा पहिला मसुदा लिहिणाऱ्याच्या दुःखाविषयी होता. दुसरा अर्ज वाचणाऱ्याला ज्या निर्णयावर सही करायची होती, त्याविषयी होता. तो दुसरा अर्ज एका पानाचा होता आणि त्याला सात जोडपत्रे होती. पहिल्या मसुद्याची अडीच पाने झाली होती, आणि जोडपत्र एकही नव्हते.